फॉर्म 16 मधला आरएसयूचा आकडा आणि ब्रोकरचा आकडा: दोन्ही कसे जुळवायचे

जूनच्या मध्याला फॉर्म 16 हातात पडला की हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "माझ्या आरएसयूची रक्कम कंपनीने इतकी कशी काय दाखवली?" आरएसयू म्हणजे नोकरीचा भाग म्हणून कंपनीकडून मिळणारे शेअर. अमेरिकी ब्रोकरच्या साइटवर त्यांचा एक आकडा, पगारपत्रकात दुसरा आणि आपण गूगलवरचा डॉलरचा दर घेऊन काढलेला तिसरा. मग कुणी रिटर्नमध्ये स्वतःचाच आकडा टाकतं, कुणी ब्रोकरचा. काही महिन्यांनी आयकर विभागाची विचारणा येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच येत नाही आणि एकाच उत्पन्नावर दोनदा कर भरला गेल्याचं कधी कळतही नाही.

या लेखात एकच प्रकार घेतला आहे: अमेरिकेत नोंदलेल्या मूळ कंपनीचे आरएसयू, पुण्यातल्या भारतीय उपकंपनीत नोकरी आणि कर्मचारी भारताचा पूर्ण रहिवासी. आकड्यांसाठी सायली नावाची एक काल्पनिक इंजिनिअर घेऊ. वर्ष 2024-25 चं आहे. कलमं 1961 च्या आयकर कायद्यातली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाला असला तरी मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो. डॉलरचे दर आणि शेअरचे भाव गणित सोपं राहावं म्हणून मानलेले आहेत, तारखा मात्र खऱ्या कॅलेंडरच्या.

कर दोनदा लागतो, पण दोन वेगळ्या गोष्टींवर

ठरलेली मुदत पूर्ण होऊन आरएसयू व्हेस्ट झाले आणि शेअर तुमच्या नावावर आले की त्या वेळची त्यांची किंमत हा तुमचा पगारच असतो. कायद्याच्या भाषेत हे कलम 17(2)(vi) खालचं पर्क्विझिट, म्हणजे पगारातला रोख नसलेला लाभ. त्यावर कंपनी टीडीएस कापते. पुढे ते शेअर विकले की व्हेस्टच्या किमतीपासून विक्रीच्या किमतीपर्यंत जी वाढ झाली असेल ती भांडवली नफा. त्याचा कर तुम्ही स्वतः भरायचा, कारण अमेरिकी ब्रोकर भारताचा टीडीएस कापत नाही.

या दोन टप्प्यांना जोडणारा दुवा म्हणजे कलम 49(2AA). पर्क्विझिट काढताना जी बाजारकिंमत धरली गेली, तीच पुढे भांडवली नफ्यासाठी तुमची खरेदी किंमत, असं ते कलम सांगतं. ब्रोकर काय दाखवतो याला इथे स्थान नाही आणि तुमच्या मते खरी किंमत काय होती यालाही नाही. पगाराच्या टप्प्यावर धरलेला आकडा विक्रीच्या टप्प्यावर जसाच्या तसा न्यायचा. म्हणून कागद जुळवणं म्हणजे मुख्यतः कंपनीने प्रत्येक व्हेस्टला प्रति शेअर किती रुपये धरले हे शोधून काढणं.

आकडे वेगळे का येतात

पहिलं कारण भावाचं. मूळ कंपनी नॅसडॅकवर असली तरी भारताच्या मान्यताप्राप्त शेअर बाजारात ती नोंदलेली नसते. त्यामुळे नियम 3(8) नुसार तिच्या शेअरची किंमत मर्चंट बँकरने ठरवायची असते, आणि त्याचं मूल्यांकन तारखेच्या आधी 180 दिवसांपर्यंतचंही चालतं. कुणी त्या दिवशीच्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी घेतो, कुणी आदल्या दिवसाचा बंद भाव. ब्रोकर मात्र बहुतेक वेळा व्हेस्टच्या दिवसाचा बंद भाव छापतो. डॉलरमध्येच एक-दोनाचा फरक पडतो तो इथे.

दुसरं कारण डॉलरच्या दराचं. टीडीएससाठी नियम 26 प्रमाणे स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर घ्यायचा असतो, गूगलवर दिसणारा दर नव्हे. गूगलचा दर साधारण बाजाराच्या मधला असतो, बँकेचा खरेदी दर त्याहून कमी. त्यात सुट्ट्यांची भर. सायलीचा व्हेस्ट 15 नोव्हेंबर 2024 चा, शुक्रवार. अमेरिकेत बाजार नेहमीसारखा चालू, आपल्याकडे गुरुनानक जयंतीची सुट्टी. सुट्टीच्या दिवसाचा दर नाही म्हणून पेरोलवाल्यांनी आदल्या दिवसाचा दर धरला, तर त्यात चूक काही नाही. सायली मात्र 15 तारखेचा दर शोधत बसली तर तिचं गणित कधीच जुळणार नाही.

तिसरं कारण सगळ्यात जास्त गोंधळ घालतं: एकूण शेअर की हातात आलेले शेअर. व्हेस्ट 100 शेअरचा होतो, त्यातले काही करासाठी लगेच विकले जातात आणि ब्रोकरच्या खात्यात 65 दिसतात. पर्क्विझिट मात्र पूर्ण 100 शेअरवरच असतं. करासाठी विकलेले शेअरही तुम्हालाच मिळालेले होते, तुमच्या वतीने विकले गेले इतकंच.

कुठले कागद लागतात

फॉर्म 16 चा भाग ब काढा. त्यातली 1(b) ही ओळ म्हणजे सगळ्या पर्क्विझिटची बेरीज. तिचा तपशील फॉर्म 12बीए मध्ये असतो. तिथे स्टॉक ऑप्शनची ओळ पाहा, कारण बेरजेत कंपनीची गाडी किंवा सवलतीच्या कर्जावरचं पर्क्विझिटही असू शकतं. आरएसयूचा आकडा थेट 1(b) शी ताडून पाहणाऱ्यांची फसगत इथेच होते.

व्हेस्टच्या महिन्याची पगारपत्रकं काढा. ब्रोकरच्या साइटवरून प्रत्येक व्हेस्टचा रिलीज कन्फर्मेशन नावाचा कागद आणि वर्षभराच्या विक्रीचा नफा-तोट्याचा अहवाल उतरवून घ्या. incometax.gov.in वरून 26एएस आणि एआयएस, म्हणजे विभागाकडे नोंदलेल्या तुमच्या टीडीएसचं आणि उत्पन्नाचं विवरण, घ्या.

शेवटचा आणि सर्वांत कामाचा कागद मागितल्याशिवाय मिळत नाही. पेरोलला मेल करून प्रत्येक व्हेस्टसाठी चार गोष्टी मागा: तारीख, एकूण शेअर, धरलेली किंमत डॉलरमध्ये, धरलेला विनिमय दर. "माझं पर्क्विझिट चुकलंय का?" असं विचारलंत तर "फॉर्म 16 बरोबर आहे" एवढंच छापील उत्तर येतं. चार रकाने मागितले की बहुतेक ठिकाणी एक्सेलची ओळ मिळते, कारण टीडीएस कापण्यासाठी ती त्यांच्याकडे केलेलीच असते.

उलट गणित

पेरोलने तपशील दिला नाही तरी अडत नाही. सायलीच्या नोव्हेंबरच्या पगारपत्रकात आरएसयूची ओळ आहे ₹6,63,600. शेअर 100. म्हणजे प्रति शेअर ₹6,636. स्टेट बँकेचा 14 नोव्हेंबरचा दर ₹84.00 मानू. 6,636 ला 84 ने भागलं की 79.00 येतात. त्या दिवशी शेअर 78 डॉलरला उघडला आणि 80 ला बंद झाला. म्हणजे कंपनीने सरासरी धरली. कोडं सुटलं.

भागाकार असा स्वच्छ आला नाही तर दर बदलून पाहा: व्हेस्टच्या दिवसाचा, आदल्या कामाच्या दिवसाचा, आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. या तिघांपैकी एकाने उत्तर साधारणपणे लागतं. कशानेच लागलं नाही तर बहुधा शेअरची संख्या चुकीची धरली गेली आहे, किंवा एका ओळीत दोन व्हेस्ट आहेत.

हे सगळं एका शीटमध्ये ठेवा, दर व्हेस्टला एक ओळ. A मध्ये तारीख, B मध्ये एकूण शेअर, C मध्ये पगारपत्रकातलं पर्क्विझिट, D मध्ये बँकेचा दर. मग दोन सूत्रं पुरतात:

```
E2: =C2/B2
F2: =E2/D2
```

E म्हणजे रुपयातली प्रति शेअर किंमत, हीच पुढे तुमची खरेदी किंमत. F म्हणजे डॉलरमधला भाव, फक्त पडताळणीसाठी. C रकान्याची वर्षभराची बेरीज फॉर्म 12बीए मधल्या स्टॉकच्या ओळीशी रुपयात जुळली पाहिजे. जुळली की अर्धं काम झालं.

आता सायलीचे दोन चुकीचे आकडे पाहा. पहिल्यांदा तिने हातात आलेले 65 शेअर × 80 × 84 केले: ₹4,36,800. कंपनीने सव्वादोन लाख जास्त दाखवले असं वाटून ती हादरली. मग एकूण शेअर घेऊन, पण ब्रोकरचा बंद भाव आणि गूगलचा ₹84.40 दर लावून तिने ₹6,75,200 काढले. आता कंपनीने ₹11,600 कमी दाखवल्यासारखं दिसलं. पहिला फरक निव्वळ गैरसमज आहे, दुसरा केवळ पद्धतीचा. दोन्हींत रिटर्नमध्ये पगाराच्या रकान्यात जाणार ते ₹6,63,600 च.

पद्धतीचा फरक असेल तिथे कंपनीच्या आकड्याशी भांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ₹11,600 जास्त दाखवून प्रामाणिकपणा केल्याचं समाधान मिळेल, पण पगार 26एएस शी जुळणार नाही, खरेदी किंमतही बदलेल आणि पुढच्या प्रत्येक विक्रीत तो गुंता घेऊन फिरावं लागेल. कायद्याने ज्या किमतीवर पर्क्विझिट काढलं तीच खरेदी किंमत केली असल्यामुळे इथे कमी धरलेली रक्कम विक्रीच्या वेळी वाढीव नफा म्हणून करात येतेच.

मार्चअखेरचा व्हेस्ट

सायलीच्या शीटमध्ये आणखी एक ओळ होती: 28 मार्च 2025, 50 शेअर. फॉर्म 12बीए मध्ये ती नाही. कंपनी विसरली का?

इथे ब्रोकरचा कागद नीट वाचायचा. व्हेस्टची तारीख 28 मार्च, शुक्रवार, पण शेअर खात्यात जमा झाले 1 एप्रिलला. पर्क्विझिट शेअर दिले जाण्याशी बांधलेलं आहे आणि कंपनीने ते एप्रिलच्या पेरोलमध्ये घेतलं. म्हणजे हे उत्पन्न 2025-26 चं. सायलीने 2024-25 च्या रिटर्नमध्ये ते घ्यायचं नाही. शीटमध्ये "पुढील वर्ष" अशी खूण करायची आणि पुढच्या जूनमध्ये नव्या फॉर्म 12बीए मध्ये ते आलं आहे ना, हे आठवणीने तपासायचं. व्हेस्ट दोन वर्षांच्या फटीत पडून हरवतो तो याच जागी.

शेअर मार्चमध्येच जमा झाले होते आणि तरी कंपनीने ते एप्रिलमध्ये टाकले, तर मात्र प्रश्न खरा आहे. उत्पन्न एका वर्षाचं आणि टीडीएस दुसऱ्या वर्षाचा, अशी वेळ येते. रिटर्नमध्ये पगाराच्या टीडीएसची ही सांगड घालणं जिकिरीचं असतं, म्हणून रिटर्न भरण्याआधीच पेरोलकडे लेखी विचारणा करून दुरुस्ती करून घेणं बरं.

करासाठी विकलेले 35 शेअर

पगारातून एवढा कर एका महिन्यात कापणं शक्य नसतं, म्हणून व्हेस्टच्या दिवशीच काही शेअर विकून पैसे कंपनीकडे पाठवले जातात. सायलीचे 35 शेअर सरासरी 79.20 डॉलरला विकले गेले. ही विक्री बहुतेक लोक रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत, कारण पैसे त्यांच्या हातातून गेलेले नसतात. पण विक्री ती विक्रीच.

विक्रीची रक्कम रुपयात आणायला नियम 115 चा दर लागतो: विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर. इथे 31 ऑक्टोबर 2024 चा, तो ₹83.60 मानू. 35 × 79.20 × 83.60 म्हणजे ₹2,31,739. खरेदी किंमत 35 × 6,636 म्हणजे ₹2,32,260. तोटा ₹521, अल्पकालीन. रक्कम किरकोळ असली तरी दाखवायची, कारण त्याशिवाय 100 चे 65 कसे झाले याचा हिशेब रिटर्नमध्ये कुठेच दिसत नाही.

एकाच दिवसाच्या व्यवहारात पर्क्विझिटला एक दर आणि विक्रीला दुसरा, हे विचित्र वाटतं खरं. दोन नियम दोन वेगळ्या कामांसाठी आहेत, इतकंच त्याचं उत्तर. काही जण नफा आधी डॉलरमध्ये काढून मग एकाच दराने रुपयात नेतात. मला ते पटत नाही, कारण पर्क्विझिटवर कर रुपयात लागला आहे आणि खरेदी किंमत त्यातूनच आलेली आहे. एक पद्धत धरलीत की वर्षानुवर्षं तीच ठेवा.

पगारपत्रकात आणखी एक ओळ दिसते ती या विक्रीचीच. 35 शेअरमधून सुमारे ₹2,31,700 आले. सायलीचं एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत आणि वरच्या टप्प्यात असल्यामुळे पर्क्विझिटवरचा कर 31.2 टक्क्यांनी ₹2,07,043 झाला. उरलेले साधारण ₹24,700 कंपनीने डिसेंबरच्या पगारात परत दिले, "स्टॉक रिफंड" अशा काहीतरी नावाने. हे नवं उत्पन्न नाही. तिच्याच शेअरच्या विक्रीचे जास्त कापलेले पैसे परत आले आहेत. ते करपात्र पगारात मिळवलेले नाहीत ना, हे मात्र पाहा. तपासायची सोपी रीत अशी: फॉर्म 16 मधला 17(1) चा पगार घ्या आणि बारा महिन्यांच्या पगारपत्रकांतल्या पर्क्विझिट सोडून बाकी करपात्र रकमांची बेरीज करा. फॉर्ममधला आकडा बरोबर या परताव्याएवढा जास्त निघाला, तर कंपनीने तो चुकून पगारात धरला आहे.

फेब्रुवारीतली विक्री: दुप्पट कराची खरी जागा

10 फेब्रुवारी 2025 ला सायलीने 40 शेअर 90 डॉलरने विकले. 31 जानेवारीचा दर ₹86.00 मानू. विक्री किंमत 3,600 × 86 म्हणजे ₹3,09,600. खरेदी किंमत 40 × 6,636 म्हणजे ₹2,65,440. नफा ₹44,160.

ब्रोकरचा अहवाल उघडला तर काही ठिकाणी Acquisition cost या रकान्यात चक्क शून्य दिसतं, कारण आरएसयूसाठी तुम्ही खिशातून काही दिलेलं नसतं. तो शून्य उचलून रिटर्नमध्ये टाकला की नफा होतो पूर्ण ₹3,09,600. म्हणजे ज्या ₹2,65,440 वर पगार म्हणून कर आधीच कापला गेला, त्यावर पुन्हा 31.2 टक्के, साधारण ₹82,800 विनाकारण. आणि विभाग काही म्हणणार नाही, कारण तुम्ही कर जास्त भरला आहे. तयार सॉफ्टवेअरमध्ये ब्रोकरची फाइल जशीच्या तशी चढवणाऱ्यांनी ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं बटण दाबू नये.

Adjusted cost basis हा रकाना असेल तर तो शून्य नसतो, व्हेस्टचा भाव धरतो. पण तो ब्रोकरचा 80 डॉलरचा भाव आहे, कंपनीचा 79 चा नाही. गूगलच्या दराने ₹6,752 धरून सायलीचा नफा ₹39,520 आला असता, म्हणजे ₹4,640 कमी. फरक लहान असला तरी तपासणीत विचारलं तर त्याला आधार सांगता येत नाही. ₹6,636 ला फॉर्म 12बीए चा आधार आहे.

ईएसपीपी, म्हणजे कंपनीचे शेअर सवलतीत विकत घेण्याची योजना, असेल तर हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात येते. शेअरची किंमत 100 डॉलर असताना तुम्हाला तो 85 ला मिळाला, तर पर्क्विझिट 15 डॉलरचं. विकताना खरेदी किंमत 85 नाही, पूर्ण 100. फॉर्म 12बीए मध्ये फक्त 15 डॉलरची करपात्र रक्कम नजरेत भरते म्हणून इथे उलट गणित करताना स्वतः भरलेले 85 मिळवायला विसरू नका.

नोव्हेंबरचा तोटा वजा करून सायलीचा निव्वळ नफा ₹43,639, कर साधारण ₹13,600. दहा हजारांच्या वर असल्यामुळे आगाऊ कराची भानगड येते. विक्री फेब्रुवारीतली, म्हणून 15 मार्चच्या हप्त्यात भरलं की पुरतं, आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे हा कर कंपनीला सांगून मार्चच्या पगारातून कापून घेणं. मला तो जास्त सोयीचा वाटतो, पण त्यासाठी पेरोलची कट-ऑफ तारीख आधी विचारावी लागते.

रिटर्नमध्ये काय कुठे

फॉर्म आयटीआर-2 लागतो. परदेशी शेअर असताना आयटीआर-1 चालत नाही. पगाराच्या तक्त्यात 17(1) आणि 17(2) फॉर्म 16 प्रमाणेच घाला. आधीच भरून आलेले आकडे असतील तर ते फॉर्मशी ताडून मगच पुढे जा.

विक्री भांडवली नफ्याच्या तक्त्यात, "इतर मालमत्ता" या भागात. भारतीय नोंदणीकृत शेअरची 111ए ची जागा इथे नाही, कारण भारतातला शेअर बाजाराचा कर यावर भरलेला नाही. अल्पकालीन नफ्याला तुमच्या टप्प्याचा दर लागतो. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकले की दीर्घकालीन, आणि 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के. मुदत शेअर मिळाल्यापासून मोजायची, ग्रँट झाल्यापासून, म्हणजे कंपनीने आरएसयू देऊ केल्यापासून, नाही.

परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, हा वेगळ्याच कॅलेंडरवर चालतो. 2024-25 च्या रिटर्नमध्ये तो जानेवारी ते डिसेंबर 2024 चा. म्हणून सायलीच्या तक्त्यात 31 डिसेंबरला 65 शेअर दिसतील, जरी मार्चअखेर तिच्याकडे 15 नोव्हेंबरच्या व्हेस्टमधले 25 च उरले होते. फेब्रुवारीची विक्री त्याच रिटर्नमध्ये भांडवली नफ्यात आहे, पण एफए मध्ये नाही. दोन तक्ते जुळत नाहीत म्हणून एक "दुरुस्त" करण्याचा मोह होतो, तो टाळा. ते जुळायचे नसतातच. हा तक्ता मोकळा सोडू मात्र नका. काळ्या पैशाच्या कायद्यात तो न भरल्याचा दंड दहा लाखांचा आहे. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर त्यातून सूट आहे, पण तक्ता भरण्यातून सूट नाही.

फॉर्म 16 खरोखर चुकला असेल तर

पद्धतीचे फरक बाजूला काढल्यावर खऱ्या चुका थोड्याच उरतात: एखादा व्हेस्ट दोनदा धरला, एखादा सुटला, किंवा शेअरची संख्या चुकली. शीटमध्ये बेरजेचा फरक एखाद्या ओळीइतका नेमका निघाला तर दोनदा धरल्याचा किंवा सुटल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

जास्त धरलं असेल तर तुम्ही एकट्याने रिटर्नमध्ये आकडा कमी करून भागत नाही. कंपनीने टीडीएसचं तिमाही विवरणपत्र, 24क्यू, दुरुस्त करायला हवं. त्यानंतर नवा फॉर्म 16 मिळतो आणि 26एएस बदलतो. पेरोलला मेल करताना ब्रोकरचा रिलीज कागद आणि शीटमधली ती एक ओळ जोडा, सगळी शीट नको. दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच सुरुवात करा. कंपनी ऐकतच नसेल, तर खरा आकडा घालून रिटर्न भरता येतं, पण मग विभागाची विचारणा येणार हे धरून चाला आणि पुरावे एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. अशा वेळी सीएच्या फीचे पैसे वसूल होतात.

कंपनीने व्हेस्ट सोडला असेल तर उत्तर सोपं, जरा खर्चिक. उत्पन्न तुमचं आहे, टीडीएस कापला नाही म्हणून ते सुटत नाही. रिटर्नमध्ये ते मिळवून उरलेला कर व्याजासह भरा आणि कंपनीला कळवा. नाहीतर ती पुढच्या वर्षी तोच व्हेस्ट घालेल आणि दोनदा कर लागेल.

रिटर्न भरून झाल्यावर चूक सापडली तर सुधारित रिटर्न भरता येतं. 2024-25 साठी त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 होती. त्यानंतर अद्ययावत रिटर्न उरतं, आयटीआर-यू. ते फक्त कर वाढवण्यासाठी चालतं, परतावा मागण्यासाठी नाही, शिवाय पहिल्या वर्षी 25 टक्के जादा कर लागतो आणि उशीर होईल तसा तो वाढतो. म्हणजे शून्य खरेदी किमतीची ती ₹82,800 ची चूक मुदतीत सापडली नाही तर अद्ययावत रिटर्नने परत मिळत नाही.

विचारणा आली तर पोर्टलवरच उत्तर द्यायचं असतं. रिटर्नची प्राथमिक प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते, पुण्याच्या आयकर कार्यालयात खेपा घालून उपयोग नाही. उत्तरात शीट, फॉर्म 12बीए आणि रिलीज कागद एवढं पुरतं, लांबलचक खुलासा नको.

नोकरी सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फॉर्म 12बीए मध्ये वर्षाची बेरीज असते, व्हेस्टनिहाय आकडा नसतो. तो फक्त पगारपत्रकांत आणि पेरोलच्या शीटमध्ये असतो आणि शेवटच्या दिवसानंतर त्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं. सायलीने उरलेले 25 शेअर 2027 मध्ये विकले, तरी तिला ₹6,636 हाच आकडा लागणार आहे, तेव्हा ती कुठल्याही कंपनीत असो. राजीनामा टाकायच्या आधी सगळ्या वर्षांची पगारपत्रकं आणि ती चार रकान्यांची शीट स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. नव्या कंपनीला फॉर्म 12बी देताना जुन्या कंपनीच्या पगारात आरएसयूचं पर्क्विझिटही धरा, नाहीतर दोन्हीकडे खालच्या टप्प्याने टीडीएस कापला जाईल आणि जुलैत मोठी रक्कम एकदम भरावी लागेल.